चष्मे किती वाटले आणि किती डोळ्यांवर आहेत?

*आमची तालुक्याच्या गावातली लहानशी विश्वस्त संस्था आहे. शाळांमध्ये जाऊन मुलांची नजर तपासतो आणि ज्यांना नंबर निघतो त्यांना चष्मे देतो. दरवर्षी मार्च संपला की देणगीदारांना एक फोटो आणि त्याखाली वर्षाचं काम सांगणारा छोटा मजकूर जातो. गेल्या वर्षी "२,००० मुलांना नवी दृष्टी, फक्त ४८० रुपयांत" असा गेला होता. यंदा हे काम माझ्याकडे आलं. नोंदवह्या घेऊन बसले तर तपासणीच्या नोंदी १,८४०, पण चष्मे पोचले ९१. तीन महिन्यांनी पाहायला गेलो तेव्हा त्यातल्या ५२ मुलांच्याच डोळ्यांवर चष्मा होता. आमचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सर म्हणतो, म्हणाले, "हे आकडे बाहेर गेले तर पुढच्या वर्षी कोण पैसे देईल?" माणूस सरळ आहे, पण घाबरलाय. मला खोटं लिहायचं नाही आणि संस्था बंदही पाडायची नाही. काय लिहू? सोबत आमचा तक्ता आणि खर्चाचं पान जोडते आहे.*

*— एक कार्यकर्ती, मराठवाडा*

ताई,

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. पत्रात तुम्ही ज्या आकड्यांनी अस्वस्थ झालात ते मला तितकेसे त्रासदायक वाटले नाहीत, आणि जो आकडा तुम्ही पत्रात लिहिलाच नाही त्याने मात्र मी थांबले. त्याच्याकडे येते. आधी तुमचा आणि सरांचा वाद नेमका कशावर आहे ते पाहू.

तुम्ही दोघंही असं धरून चाललात की मोठा आकडा म्हणजे खोटा आणि लहान आकडा म्हणजे खरा. तसं नाहीये. १,८४० खरा आहे, ९१ खरा आहे, ५२ सुद्धा खरा आहे. हे तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत, आणि प्रत्येकाला आपापलं क्रियापद आहे: तपासलं, दिलं, वापरात आहे. गेल्या वर्षीच्या मजकुरात चूक झाली ती इथे. तपासणीचा आकडा घेतला आणि त्याला "दृष्टी दिली" हे क्रियापद जोडलं. शाळेतल्या मुलाला उणे दीडचा नंबर निघाला म्हणून तो आंधळा नव्हता. त्याला फळा पुसट दिसत होता. चष्मा दिल्यावर फळा नीट दिसू लागला. हे एवढं खरं सांगितलं तरी पुष्कळ आहे, त्याला "नवी दृष्टी" म्हणायची गरज नाही.

म्हणून तुमचा तक्ता घेऊन एकेका ओळीला तिचं क्रियापद लावू.

पहिली ओळ, १,८४० नोंदी. तुम्ही खाली बारीक अक्षरात लिहिलंय की चौदा शाळांपैकी तीन शाळांत जून आणि जानेवारी अशी दोनदा तपासणी झाली, आणि तिथली ४१२ मुलं दोन्ही वेळा वहीत आली. म्हणजे मुलं १,४२८. ही चूक सगळ्याच संस्थांत होते, कारण वही तपासणीच्या दिवसाप्रमाणे लिहिली जाते, मुलाप्रमाणे नाही. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक मुलाच्या नावापुढे शाळेच्या जनरल रजिस्टरमधला क्रमांक लिहून घ्या. तो मुलागणिक एकच असतो आणि वर्ग बदलला तरी बदलत नाही. नुसत्या नावावर जुळवायला गेलात तर एका वर्गात एकाच नाव-आडनावाची दोन मुलं निघतात आणि घोळ होतो.

दुसरी ओळ, १७१ मुलांना वीस फुटांवरचा ई अक्षराचा तक्ता ठरलेल्या ओळीपर्यंत वाचता आला नाही. त्यातली १४९ डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत गेली आणि ९६ जणांना चष्मा लिहून दिला. तुमच्या एका सहकाऱ्याने समासात पेन्सिलीने लिहिलंय, "५३ जणांची तपासणी फुकट गेली?" त्यांना सांगा, फुकट नाही गेली. शाळेतली तपासणी ही चाळणी असते. लहान मूल घाबरतं, बाजूच्याचं ऐकून उत्तर देतं, किंवा त्या दिवशी डोळे आलेले असतात. शिवाय मुलांच्या डोळ्यातले स्नायू इतके तरतरीत असतात की ते जवळ-दूर सारखं जुळवून घेतात आणि खरा नंबर लपतो किंवा उगाच जास्त दिसतो. म्हणून तर डॉक्टर डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून नंबर काढतात. चाळणीतून थोडे जास्तच खाली पडले तर चालतात. कमी पडले तर मात्र ज्याला दिसत नाही ते मूल वर्गात तसंच बसून राहतं.

आता तो आकडा. १७१ मधून १४९ वजा केले की २२ उरतात. ही २२ मुलं तक्ता वाचू शकली नाहीत हे तुमच्या संस्थेला माहीत आहे, आणि ती डॉक्टरांकडे गेलीच नाहीत. का, ते तक्त्यात नाही. तपासणीच्या दिवशी गाडीत जागा नसेल, आईवडील कामाला गेले असतील, चिठ्ठी दप्तरातच राहिली असेल. तुमच्या मनाला चष्मा न घालणारी मुलं टोचताहेत. पण त्यांच्या हातात निदान चष्मा आहे. या बावीस जणांच्या हातात काहीच नाही, आणि तुमच्या मोठ्या आकड्याच्या मजकुरातही ते नाहीत, लहान आकड्याच्या मजकुरातही नाहीत. यंदाच्या मजकुरात त्यांच्यासाठी एक ओळ हवीच, असं मला ठामपणे वाटतं.

पुढची ओळ, ९६ चष्मे बनले आणि ९१ पोचले. पाच मुलं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर गेली. तुमच्या भागात हे कुणाला समजावून सांगायला नको. पण पुण्यामुंबईच्या देणगीदाराला ते सांगावं लागतं, आणि एका वाक्यात सांगता येतं. या पाच चष्म्यांच्या डब्या कपाटात नावं लिहून ठेवल्या आहेत ना? असतील तर तेही लिहा.

आणि शेवटची ओळ, जिच्यामुळे तुम्ही पत्र लिहिलंत. इथे तुम्ही स्वतःवरच अन्याय केलाय. पत्रात म्हणता, ९१ पैकी ५२. तक्त्यात मात्र असं आहे: त्या दिवशी शाळेत हजर ८३ मुलं भेटली, आठ गैरहजर होती. ८३ पैकी ५२ जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता, १४ जणांचा दप्तरात किंवा घरी होता, १७ जणांचा मोडला होता किंवा हरवला होता. जी आठ मुलं भेटलीच नाहीत त्यांना तुम्ही "वापरत नाही" मध्ये कसं टाकलंत? त्यांच्याबद्दल तुम्हाला माहिती नाही, एवढंच खरं. म्हणून वाक्य असं होईल: "भेटलेल्या ८३ पैकी ५२ मुलं चष्मा घालून बसली होती." टक्केवारी लिहू नका. इतक्या लहान संख्येत टक्के काढले की वाचणाऱ्याला मूळ मुलं दिसेनाशी होतात, आणि आठ जण धरायचे की सोडायचे यावर टक्के पाच-सहाने इकडेतिकडे होतात. तक्त्यात तुम्ही "न कळवता भेट" असं लिहिलंय त्याचं मला फार कौतुक वाटलं. कळवून गेला असता तर बाईंनी आदल्या दिवशी "उद्या चष्मे घालून या" सांगितलं असतं आणि ५२ चे ७० झाले असते. त्या ७० ला काडीची किंमत नसती.

चष्मा डोळ्यांवर का नसतो, याबद्दल एक प्रसंग सांगते. मी वीसेक वर्षं एका छोट्या संस्थेची खजिनदार होते, आणि आम्हीही काही काळ हेच काम केलं. एकदा चौथीतल्या एका मुलीच्या घरी गेलो. शाळेत तिचा चष्मा कधीच दिसत नव्हता. तिच्या आईने पत्र्याची पेटी उघडली, लुगड्यांच्या घडीखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात रुमालात गुंडाळलेली डबी आणि डबीत चष्मा, काचेवर एक ओरखडा नाही. "परीक्षेला देते काढून," ती म्हणाली, "रोज घातला तर फुटंल ना." तिने तो नीट जपला होता, तिच्या समजुतीप्रमाणे. चष्मा देताना आम्ही मुलीशी बोललो होतो, बाईंशी बोललो होतो, आईशी कुणीच बोललं नव्हतं. आणि फुटला तर दुसरा मिळेल, हे तर आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानंतर आम्ही डबीत एक चिठ्ठी घालायला लागलो: रोज घालायचा, मोडला तर शाळेत सांगा, दुरुस्त करून मिळेल. बहुतेक वेळा नुसती दांडी निखळलेली असते किंवा स्क्रू पडलेला असतो.

हे सांगते आहे कारण तुमचे १४ आणि १७ हे वेगळे आकडे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. १४ जणांसाठी आईवडिलांशी बोलायचंय. वर्गात कुणी चिडवतंय का तेही पाहायचंय. १७ जणांसाठी दुरुस्तीचे पैसे बाजूला काढायचेत. देणगीदाराला हे कळलं तर तो पैसे थांबवेल, असं सरांना वाटतं. मला उलट वाटतं की पुढच्या वर्षी पैसे कशाला हवेत हे सांगणारी ही एकच ओळ तुमच्याकडे आहे. "आणखी १०० चष्मे" असं सगळेच मागतात. "मोडलेले १७ चष्मे दुरुस्त करायचे आहेत आणि राहिलेल्या २२ मुलांना डॉक्टरांकडे न्यायचं आहे" हे फक्त जी संस्था परत बघायला गेली तीच मागू शकते.

आता पैशांचं पान. गेल्या वर्षीच्या मजकुरातला मला सगळ्यात जास्त खटकलेला भाग २,००० चा नव्हता, ४८० चा होता. चष्म्याच्या दुकानदाराला तुम्ही फ्रेम आणि काचेचे मिळून ४८० देता, हे खरं. पण यंदाचा एकूण खर्च १,८८,१३० आहे. त्यात चष्म्यांचे ४६,०८०, समन्वयकाचं दहा महिन्यांचं मानधन ८०,०००, गाडीभाडं ३८,४००, तक्ते-वह्या-छपाई ९,६५०, ऑडिट आणि बँक मिळून १४,०००. हा सगळा खर्च पोचलेल्या ९१ चष्म्यांवर पसरला तर एका चष्म्याला साधारण २,०७० रुपये पडतात. तसा तो पसरणंही पूर्ण बरोबर नाही, कारण त्याच खर्चात १,४२८ मुलांची तपासणी झाली आहे. पण ४८० हा आकडा एकटा छापला की देणगीदाराच्या मनात बसतं की गाडी, माणूस, वही यांना पैसे लागतच नाहीत. मग पुढे कधी तुम्ही मानधनासाठी मदत मागितलीत की तोच देणगीदार विचारतो, "म्हणजे माझे पैसे पगारात गेले?" तो रागावतो आणि त्याचं चुकत नाही, कारण ४८० हे तुम्हीच त्याला शिकवलंय.

म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवा: चष्म्याची किंमत ४८०, आणि तपासणीपासून हातात पडेपर्यंतचा सगळा खर्च धरला तर २,०७० च्या आसपास. समन्वयकाचं मानधन लपवू नका. उन्हातान्हात चौदा शाळा फिरणारा, मुलांना गाडीत घालून डॉक्टरांकडे नेणारा आणि संध्याकाळी घरी पोचवणारा तो माणूस नसता तर १४९ ऐवजी किती मुलं गेली असती याचा विचार सरांनाही करायला सांगा. आणि पावती पुस्तक चाळून पाहा: कुणी "चष्म्यांसाठी" असं लिहून पैसे दिले असतील तर तेवढी रक्कम चष्म्यांनाच लागली पाहिजे. अशा देणग्यांची बेरीज ४६,०८० च्या वर गेली असेल तर वरचे पैसे पुढच्या वर्षीच्या चष्म्यांसाठी वेगळे दाखवायला तुमच्या सीएंना सांगा.

जमा २,४६,३००, खर्च १,८८,१३०, शिल्लक ५८,१७०. शिल्लक लिहायला बऱ्याच संस्था कचरतात, पैसे पडून आहेत असं दिसेल म्हणून. लिहा. शाळा जूनमध्ये उघडतात, देणग्या बहुतेक मार्चअखेरीस येतात. मधल्या दोन-अडीच महिन्यांत मानधन आणि गाडी या शिलकेवरच चालते. एवढं कारण पुरे.

एक तांत्रिक गोष्ट, पण तिच्यावरून फार गोंधळ होतात. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल-मे, हिशेबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. मुलांचे आकडे एका वर्षाचे आणि पैशाचे दुसऱ्या वर्षाचे असं होऊ देऊ नका. मजकुराच्या पहिल्या ओळीतच कालावधी लिहा. एप्रिलमध्ये वाटलेले चष्मे पुढच्या वर्षात जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पैशाचे आकडे धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या उत्पन्न-खर्चपत्रकाशी रुपयान्‌रुपया जुळले पाहिजेत. ऑडिट झालेलं नसेल तर "ऑडिटपूर्वीचे आकडे" हे दोन शब्द घाला.

आणखी एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही सरकारी शाळांत मुलांच्या तपासणीला येतं; तो कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. तुमच्या १७१ मध्ये अशी मुलं असतील की ज्यांना आधी त्या पथकाने चिठ्ठी दिली होती, आणि तुम्ही त्यांना डॉक्टरांपर्यंत नेलंत. मुख्याध्यापकांकडे नोंद असते, विचारा. असतील तर "शोधली" हे क्रियापद पथकाचं आणि "नेली" हे तुमचं. ते लिहिल्याने तुमचं काम कमी होत नाही. चिठ्ठी मिळूनही दप्तरात राहिलेल्या मुलाला डॉक्टरांसमोर बसवणं हेच तर अवघड काम आहे.

आभारांबद्दल. तुमच्या कच्च्या मजकुरात "सर्व देणगीदारांचे मनःपूर्वक आभार" एवढंच आहे. ते कुणाचेच आभार नाहीत. तुमच्या ६३ देणगीदारांपैकी प्रत्येकाचं नाव मजकुरात येणार नाही आणि येऊही नये. काहींना नाव नको असतं, आणि रकमेच्या क्रमाने यादी लावली की शंभर रुपये देणारी अंगणवाडीताई तळाला जाते. त्याऐवजी पैशाने काय झालं ते आभारातच सांगा. "तुमच्या ५०० रुपयांनी अमक्या मुलाला चष्मा मिळाला" असं मात्र लिहू नका. पैसे एकत्र येतात आणि एकत्र खर्च होतात. कुणाच्या पाचशेंनी चष्मा आला आणि कुणाच्या पाचशेंनी डिझेल, हे तुम्ही ठरवू शकत नाही.

ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांचेही आभार वेगळे माना: डॉक्टरांनी सहा दिवस फी न घेता मुलं तपासली, दुकानदाराने फ्रेम खरेदीच्या भावात दिल्या, दोन निवृत्त शिक्षकांनी तपासणीला हात लावला. त्यांची मदत दिवसांत लिहा. तिची रुपयांत किंमत काढून देणग्यांच्या बेरजेत मिसळू नका. ती रक्कम तुमच्या बँकेत कधी आलीच नव्हती, आणि आयकरातली सवलतही रकमेच्या देणगीलाच मिळते. नावं छापायची तर आधी विचारा. आणि सवलतीच्या प्रमाणपत्राचा निरोप वेगळा पाठवा. आभार मानता मानता "आपला पॅन क्रमांक कळवावा" आलं की आभार कोरडे पडतात.

फोटो तुम्ही पाठवलाय तो सुंदर आहे, पण तो वापरू नका. सहा मुलं नव्या चष्म्यात हसताहेत, मागे शाळेचं नाव दिसतंय. दहा वर्षांनी त्यातली एखादी मुलगी नोकरीला लागलेली असेल आणि "गरजू विद्यार्थी" म्हणून तिचा चेहरा कुणाच्या तरी फोनमध्ये फिरत असेल. आईवडिलांनी लेखी होकार दिला असला तरी त्यांना तो फोटो किती दूर जातो याचा अंदाज नसतो. टेबलावर ओळीने मांडलेल्या नावं लिहिलेल्या डब्यांचा फोटो काढा, फक्त नावांवर बोट किंवा कागद ठेवून. किंवा मुलाच्या मागून फळ्याकडे पाहणारा.

आता मजकूर. फोनवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं "आणखी वाचा" खाली जातं. म्हणून मोठा आकडा वर आणि खरी अडचण खाली असं करू नका. दोन्ही वरच येऊ द्या. मी तुमच्या आकड्यांवरून असा लिहिला आहे, तुमच्या भाषेत फिरवून घ्या:

"१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. या वर्षात आपण १,४२८ मुलांची नजर तपासली, ९१ मुलांच्या हातात चष्मा दिला. तीन महिन्यांनी न कळवता शाळांत गेलो. भेटलेल्या ८३ पैकी ५२ मुलं चष्मा घालून बसली होती.

१४ जणांचा चष्मा दप्तरात किंवा घरी होता, १७ जणांचा मोडला किंवा हरवला होता. पाच मुलं ऊसतोडीला गेली, त्यांचे चष्मे नावं लिहून ठेवले आहेत. तपासणीत कमी दिसतंय असं आढळलेली २२ मुलं अजून डॉक्टरांपर्यंत पोचलेली नाहीत. जूनमध्ये सगळ्यात आधी ती.

तुम्ही ६३ जणांनी २,४६,३०० रुपये दिलेत. त्यातले १,८८,१३० खर्च झाले: चष्मे, शाळाशाळांत फिरणाऱ्या समन्वयकाचं मानधन, गाडी, वह्या, ऑडिट. चष्म्याची किंमत ४८० रुपये. तपासणीपासून हातात पडेपर्यंत सगळं धरून साधारण २,०७०. उरलेल्या ५८,१७० वर जूनची सुरुवात होईल. (ऑडिटपूर्वीचे आकडे.)

गेल्या वर्षी आम्ही '२,००० मुलांना नवी दृष्टी' असं लिहिलं होतं. तो तपासणीच्या नोंदींचा आकडा होता, चष्म्यांचा नव्हता. चूक आमची.

तुमच्या पैशांमुळे गाडी शाळेच्या दारात उभी राहिली आणि १४९ मुलं डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टरांनी सहा दिवस फी घेतली नाही, दुकानदारांनी खरेदीच्या भावात फ्रेम दिल्या, दोन निवृत्त गुरुजींनी मुलं तपासली. तुम्हा सगळ्यांचे आभार."

गेल्या वर्षीची दुरुस्ती सरांना सगळ्यात जड जाईल. त्यांच्याशी बोलताना "तुम्ही खोटं लिहिलंत" असा सूर येऊ देऊ नका. त्यांनी फसवायला लिहिलं नसणार, त्यांना कुणी नोंदी आणि मुलं वेगळी करून दाखवलीच नसणार. आमच्या संस्थेतही हेच झालं होतं. एका वर्षी आम्ही ३,००० मुलं छापली. एक निवृत्त बँक अधिकारी दरवर्षी मनीऑर्डरने पैसे पाठवत. त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं, "आपल्या सात गावांत शाळेत जाणारी मुलं एकूण किती आहेत?" आम्ही मोजली तर ती २,२०० सुद्धा नव्हती. मी उत्तरात सगळी वही उलगडून लिहिली. त्यांनी पैसे थांबवले नाहीत. पण पुढची कित्येक वर्षं त्यांच्या प्रत्येक पत्रात एक तरी प्रश्न असे, आणि मी वर्षअखेरचा मजकूर आधी त्यांच्या नजरेने वाचायला लागले.

सरांना एक करून पाहायला सांगा. हा मजकूर सगळ्यांना पाठवण्याआधी चार जुन्या देणगीदारांना पाठवा, त्यांत एक तरी सरांच्या ओळखीचा आणि एक तरी लहान रकमेचा असू द्या, आणि फोन करून विचारा: वाचून काय वाटलं, काय कळलं नाही? भीतीचं उत्तर सरांना माझ्याकडून किंवा तुमच्याकडून मिळणार नाही, त्या देणगीदारांकडूनच मिळेल. एखादा देणगीदार जाईलही. ४८० रुपयांत दृष्टी विकत घेतली असं ज्याला वाटलं होतं, त्याला २,०७० पटणार नाहीत. हे आधीच गृहीत धरून अंदाजपत्रक थोडं आवळून ठेवा.

वेगळं काम करणाऱ्या वाचकांनीही आपली वही याच पद्धतीने उघडावी. झाडं लावणाऱ्यांनी "लावली" आणि "एक उन्हाळा काढून जगली" हे दोन आकडे शेजारी लिहावेत. अन्नछत्र चालवणाऱ्यांनी ताटं आणि माणसं वेगळी मोजावीत, कारण रोज येणारा एकच माणूस वर्षात तीनशे ताटं होतो. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी नावनोंदणी न लिहिता सरासरी रोजची हजेरी लिहावी. कुटुंबातले पाच जण धरून लाभार्थी पाचपट करण्याची पद्धत तर सगळ्यांनीच सोडावी. एका मुलाला चष्मा लागला म्हणजे त्याच्या आजीला दिसायला लागत नाही.

आणि ताई, मजकुरात "जूनमध्ये सगळ्यात आधी ती" असं मी लिहिलंय. ते वाक्य ठेवणार असाल तर आत्ताच, मजकूर पाठवण्याआधी, त्या बावीस जणांची नावं, शाळा आणि आईवडिलांचे फोन एका वेगळ्या पानावर उतरवून घ्या. त्यातली जी मुलं चौथीत किंवा सातवीत होती ती जूनमध्ये दुसऱ्या शाळेत गेलेली असतील, आणि जुन्या शाळेच्या वहीत ती तुम्हाला सापडणार नाहीत. शाळा सोडल्याचे दाखले सुट्टीत निघतात. त्यापूर्वी मुख्याध्यापकांना गाठा.